नऊ अधिक दोन

यंदा क्लबातल्या डबल्सच्या जोड्या मी लावल्या नाहीत. वही माझ्याकडेच शिकलेल्या मुलीने घेतली आणि दहापैकी माझ्या नावापुढे पाच लिहिले. मी स्वतःला सात द्यायचो.

माझी पद्धत बेरजेची. सोळा जण, आठ जोड्या, सगळ्यांची बेरीज अकराच्या आसपास. नऊवाल्याला दोनवाला, सहावाल्याला पाचवाला. कागदावर देखणं दिसायचं. कोर्टवर मात्र सहा-पाचची जोडी नऊ-दोनला एकवीस-बारा हरवायची, आणि मी शटलला, हॉलच्या दिव्यांना, नऊवाल्याच्या आळसाला दोष द्यायचो.

दोष सर्व्हिसच्या नियमात होता. रॅली सुरू झाली की नऊवाला धावून दोनवाल्याचं कोर्ट झाकू शकतो, पण ज्याच्यावर सर्व्हिस आली, ती त्यानेच परतवायची. घेणारे जागा बदलत नाहीत. गुण मिळाला की सर्व्हिस करणारा बाजू बदलतो. म्हणजे समोरचे सलग गुण घेत असले, तर एकाआड एक सर्व्हिस कच्च्यावरच जाते. त्याने नेटवर उचलून दिलं की स्मॅश ठरलेला. भिडू कितीही मोठा असला, तो पहिला फटका त्याच्या हातात नाही.

मुलगी कच्च्याचा आकडा दोनदा मोजते. नऊ-दोनचे तेरा, सहा-पाचचे सोळा. तीनचा फरक उघडा पडला. नऊला तीनवाला दिला तर पंधरा, चारवाला दिला तर सतरा. तिने चारवाला दिला. उरलेल्या दोनवाल्याला दहावाला दिला तरी चौदाच होतात. तिथे ती त्या जोडीला दोन गुणांची आघाडी देऊन सामना सुरू करते. ते मला अजून पटत नाही. दिलेले गुण दोनवाल्यालाच जास्त बोचतात.

ड्रॉही तिने बदलला. बाद फेरीऐवजी चार-चार जोड्यांचे दोन गट केले, म्हणजे कच्च्या जोडीलाही तीन सामने मिळतात. वरच्या दोन जोड्या वेगवेगळ्या गटांत, बाकीच्यांच्या चिठ्ठ्या. शेजारच्या क्लबात खेळाडूंवर बोली लावतात. शेवटी जो उरतो, त्याचा चेहरा मी एकदा पाहिला. पुन्हा तिकडे गेलो नाही.

रेटिंग लपवणारेही असतातच. सरावात चेंगटपणे खेळून तीन मिळवायचे आणि स्पर्धेत सहासारखं खेळायचं. मी उलट केलं: गुडघा गेला तरी आकडा तोच ठेवला.

मला भिडू सातवाला मिळाला. पाच म्हणजे मीच जोडीतला कच्चा. दुसऱ्या सामन्यात समोरच्या पोराने माझ्या डोक्यावरून फ्लिक सर्व्हिस टाकली. मी मागे सरकेपर्यंत शटल पडलं. भिडू दोन पावलांवर रॅकेट धरून उभा होता. त्याला हात लावायची मुभा नव्हती. पुढची सर्व्हिस त्याला, त्यापुढची पुन्हा मला.

रात्री जुन्या वह्या काढल्या. माझ्या नावापुढे सलग नऊ वर्षं सात होतं, आणि त्या सातच्या हिशेबाने प्रत्येक वर्षी कुणीतरी माझ्याबरोबर खेळून हरलं होतं.