१४ किलोन्यूटन कुठे गेले?

स्ट्रक्चरल ॲनालिसिसच्या दुसऱ्या सेशनलमध्ये एका दहा मार्कांच्या प्रश्नात मला शून्य मिळालं. गंमत अशी की माझं उत्तरही शून्यच होतं.

प्रश्न साधा होता. एक पोर्टल फ्रेम: A आणि D हे दोन्ही पाय जमिनीत फिक्स, AB आणि CD हे कॉलम ४ मीटर उंच, वरची बीम BC सुद्धा ४ मीटर, EI सगळीकडे सारखा. B या कोपऱ्यावर डावीकडून १४ किलोन्यूटनचा आडवा लोड. स्लोप डिफ्लेक्शन पद्धतीने मोमेंट काढा.

मी मोठ्या आत्मविश्वासाने सुरुवात केली. लोड जॉइंटवर आहे, कुठल्याच मेंबरच्या मधे नाही, म्हणजे फिक्स्ड एंड मोमेंट सगळे शून्य. वा! अननोन दोन, θB आणि θC. समीकरणं दोन, B चा तोल आणि C चा तोल. सोडवली, तर θB शून्य, θC शून्य, आणि पाठोपाठ फ्रेममधले सगळे मोमेंट शून्य. कॅल्क्युलेटर खिशातून काढावा लागला नाही. दोन्ही जॉइंट तोलात आहेत असं खाली लिहून पेपर देऊन आलो. पेपर परत आला तेव्हा सरांनी लाल पेनाने एवढंच लिहिलं होतं : "मग १४ किलोन्यूटन कुठे गेले?"

त्या प्रश्नाचं उत्तर मला वर्गात मिळालं नाही. ते मिळालं मे महिन्यात, होस्टेलच्या रूमवर, कूलरपाशी.

नागपूरचा मे ज्यांनी काढला त्यांना कूलर म्हणजे काय ते सांगायला नको. आमच्या कूलरचा स्टँड जुन्या बाजारातून आणलेला, लोखंडी अँगलचा: चार पाय, वर चौकट, बस. टाकीत पाणी भरून पंखा लावला की स्टँड खिडकीसमोर डुलायला लागायचा. एका रात्री माझा रूम पार्टनर ओरडत उठला, "काऊन बे, हा माझ्या अंगावर येऊन राहिला ना!" त्याची खाट बरोब्बर खाली. मी अर्धवट झोपेत ड्रॉइंग बोर्ड उचलला आणि स्टँडची वरची चौकट आणि भिंत यांच्या मधे आडवा ठोकून बसवला. डुलणं जागच्या जागी थांबलं. बोर्डाला हात लावला तर प्रत्येक धक्का बोर्डातून भिंतीत जाताना हाताला कळत होता.

तिथे डोक्यात उजेड पडला. पेपरात मीही हेच केलं होतं, फक्त बोर्ड काढून दाखवला नव्हता. फ्रेम बाजूला सरकतच नाही असं न सांगता गृहीत धरलं, म्हणजे C ला एक अदृश्य टेकू दिला. सगळे १४ किलोन्यूटन बीममधून सरळ त्या टेकूत गेले. कॉलमला वाकायचं कारणच उरलं नाही, म्हणून मोमेंट शून्य. गणित बरोबर होतं, फ्रेम दुसरीच होती.

झोप उडालीच होती, म्हणून वही काढली. टेकू काढला की तिसरा अननोन येतो: वरची बीम किती सरकली तो Δ. दोन्ही कॉलमची वरची टोकं तेवढीच सरकतात, कारण बीमची लांबी बदलत नाही असं ही पद्धत मानते. R = Δ/4 धरलं की

M_AB = (2EI/4)(θB − 3R)
M_BA = (2EI/4)(2θB − 3R)
M_BC = (2EI/4)(2θB + θC)

आणि उजव्या कॉलमचंही तसंच. आता अननोन तीन, पण जॉइंट तर दोनच. तिसरं समीकरण जॉइंटपाशी शोधून सापडत नाही. दोन्ही कॉलम पायाशी कापून सगळी फ्रेम एकत्र पाहावी लागते. आडवा लोड पेलायला तिथे फक्त कॉलमचे शिअर आहेत:

(M_AB + M_BA)/4 + (M_CD + M_DC)/4 + 14 = 0

हेच ते शिअर समीकरण. माझ्या जुन्या उत्तरातले शून्य यात टाकले तर डावीकडे १४ शिल्लक राहतात. सरांचा लाल प्रश्न म्हणजे हीच ओळ होती की राव!

पुढचं सोपं. फ्रेम दोन्ही बाजूंनी सारखी, म्हणून θB = θC. B च्या तोलातून 5θ = 3R मिळतं, ते शिअर समीकरणात घातलं की कॉलमच्या पायाशी −१६, कॉलमच्या डोक्याशी −१२ आणि बीमच्या टोकाला +१२ किलोन्यूटन मीटर. पडताळा: १६ आणि १२ मिळून २८, भागिले ४, म्हणजे एका कॉलमला ७. दोन्हींचे मिळून १४. सापडले!

इथे एक खड्डा आहे, त्यात अर्धा वर्ग पडतो. शिअर समीकरणात लोडचं चिन्ह उलटं घेतलं तरी आकडे हेच येतात, फक्त Δ ऋण निघतो. म्हणजे धक्का डावीकडून आणि फ्रेम ढकलणाऱ्याच्याच अंगावर! मोमेंट काढण्याआधी Δ चं चिन्ह बघितलं तर ही चूक तिथेच पकडता येते.

मग हाच हिशेब स्टँडला लावून पाहिला. त्याचे पाय फरशीत गाडलेले थोडेच आहेत, नुसते टेकलेले; म्हणजे फिक्स नाही, हिंज. फ्रेम तीच, लोड तोच ठेवून पाय हिंज केले की पायाशी मोमेंट शून्य होतो आणि वरच्या कोपऱ्यात १२ ऐवजी २८ जातो. सरकणं आधीच्या ४.२ पट. दोन वेळा तपासलं, तेवढंच आलं. म्हणजे सगळा भार वरच्या कोपऱ्यांतल्या वेल्डवर. टॉर्च घेऊन बघितलं तर मागच्या एका कोपऱ्यातला वेल्ड तडकलेला! जॉइंट ताठ आहे, बीम आणि कॉलममधला काटकोन बदलत नाही, या गृहीतावर स्लोप डिफ्लेक्शन उभी आहे. तेच गेलं तर तो पायही वरखाली हिंज, मग तो धक्क्याला काहीच अडवत नाही. दुसराही कोपरा सुटला असता तर सरळ मेकॅनिझम, आणि भरलेली टाकी खाटेवर. पार्टनरला उठवून खाट त्याच रात्री सरकवली.

२६ जानेवारी २००१ च्या भूज भूकंपात अहमदाबादच्या कित्येक इमारती खाली पार्किंग आणि वर फ्लॅट अशाच होत्या. वरच्या मजल्यांवर विटांच्या भिंती माझ्या ड्रॉइंग बोर्डाचं काम करत होत्या. तळमजल्यावर नुसते कॉलम, म्हणून बहुतेक सगळं सरकणं त्या एका मजल्यावर आलं. आधी हे पुस्तकात नुसतं वाचलं होतं. आता होस्टेलचं पार्किंग बघताना नजर आपोआप कॉलमच्या डोक्याकडे जाते.

दुसऱ्या दिवशी वेल्डिंगवाल्याकडे स्टँड नेला. म्हटलं, तडा भरा आणि चारही बाजूंना एकेक तिरकी पट्टी मारा. तो म्हणाला, "भाऊ, पट्टी तर मी सगळ्यांनाच सांगतो, पण लोक पैसे वाचवतात." वही काढून त्याला Δ समजवावा असं क्षणभर वाटलं, पण त्याला तो माझ्याआधीच ठाऊक होता.

ड्रॉइंग बोर्ड मोकळा झाला. फक्त त्याची एक कड कायमची चेपली आहे, शीट लावताना ती बाजू खाली ठेवतो.