मात्रेची भाषा

औषधाच्या वेष्टनात घडी घालून ठेवलेल्या माहितीपत्रकाकडे गद्यलेखन म्हणून कोणी पाहत नाही. तरीही आपुलकी आणि काटेकोरपणा यांचा मेळ घालण्याची कसोटी तिथे जितकी कठोर असते, तितकी ती क्वचितच इतरत्र आढळते. बेडाक्विलिन या औषधाचे उदाहरण त्या दृष्टीने उद्बोधक आहे. नेहमीच्या औषधांना दाद न देणाऱ्या क्षयावरील या औषधाला अमेरिकेत २०१२ साली मान्यता मिळाली आणि २०१६ मध्ये ते भारताच्या क्षयरोग कार्यक्रमात आले.

त्याच्या सेवनाचा मूळ मान्य क्रम असा : पहिले दोन आठवडे रोज ४०० मिलिग्रॅम, म्हणजे शंभराच्या चार गोळ्या, त्यानंतर बावीस आठवडे, आठवड्यातून तीनदा, दोन-दोन गोळ्या, आणि दोन मात्रांमध्ये किमान ४८ तासांचे अंतर.

मराठी वाचकाच्या कानात ‘दिवसातून तीनदा’ हा शब्दसमूह इतका मुरलेला असतो, की ‘आठवड्यातून तीनदा’ हे वाचतानाही तो तेच वाचण्याचा संभव असतो. म्हणून लेखकाला ‘दिवसाआड’ हा घरगुती शब्द सुचतो. तो गोड आहे, परंतु चुकीचा आहे. सोमवारी सुरुवात केली, तर बुधवार, शुक्रवार आणि रविवार धरून त्या आठवड्यात चार मात्रा होतात. ६०० ऐवजी ८०० मिलिग्रॅम औषध पोटात जाते. हे औषध शरीरात महिनोन्‌महिने रेंगाळते आणि हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडवू शकते. ‘सोमवार, बुधवार, शुक्रवार : प्रत्येक वेळी दोन गोळ्या. इतर दिवशी ही गोळी नाही.’ या वाक्यांत वारांची नावे ओळखीची आहेत आणि अर्थालाही फाटा फुटत नाही.

सौजन्याचाही असाच धोका असतो. ‘शक्यतो जेवणासोबत घ्यावी’ यातला ‘शक्यतो’ नम्र आहे. पण अन्नासोबत हे औषध सुमारे दुपटीने शोषले जाते, हे लक्षात घेता तो नम्रपणा औषधाची अर्धी शक्ती हिरावून घेतो. मात्रेच्या वाक्यात ‘शक्यतो’, ‘साधारण’, ‘जरा’ यांना थारा नसावा. आपुलकीची जागा त्याच्या शेजारच्या वाक्यात आहे : ‘जेवणासोबत घ्या. रिकाम्या पोटी घेतल्यास औषध अंगी पुरेसे लागत नाही.’ आज्ञेमागचे कारण सांगणे हाच इथला खरा जिव्हाळा.

असे पत्रक साधले की नाही, हे लिहिणाऱ्याने ठरवायचे नसते. ते औषध कधीही न घेतलेल्या माणसाच्या हाती पत्रक द्यावे आणि विचारावे, ‘तिसऱ्या आठवड्यातल्या मंगळवारी किती गोळ्या?’ ‘एकही नाही’ हे उत्तर त्याला पत्रकात चटकन सापडले नाही, तर दोष वाचकाचा नव्हे, वाक्याचा.