‘उद्या’ म्हणजे नक्की कोणता दिवस?

अहो, इतिवृत्तात एवढी गंमत दडलेली असते हे मला कुणी आधी का नाही सांगितलं? जुन्या जालन्यातल्या आमच्या सोसायटीच्या कमिटीची सभा रविवारी, 8 जूनला झाली. तिच्या इतिवृत्ताचा ईमेल सगळ्यांना जाण्याआधी शुद्ध करायला माझ्याकडे आला. मी म्हटलं, ऱ्हस्व-दीर्घ बघू नि देऊ सोडून. पण शेजारच्या काकू, ज्यांची नोकरी कचेरीत टिपणं लिहिण्यात गेली, चष्मा लावून शेजारी बसल्या आणि मी थक्कच झाले!

कच्चं टिपण असं होतं: “टाकीचा विषय निघतो. सचिव म्हणतात, मी उद्या प्लंबरला बोलावतो. सगळ्यांना पटतं.” वाचायला झकास, नाटकासारखं! पण मेल जाणार बुधवारी. मग वाचणाऱ्याचा ‘उद्या’ गुरुवार होतो, आणि मेलवर नाव टाकणारी मी, म्हणून ‘मी’सुद्धा मीच! काकूंनी लिहिलं: “टाकीच्या गळतीवर चर्चा झाली. 9 जून रोजी प्लंबरला बोलावू, असे सचिवांनी सांगितले. यास सर्वांनी संमती दिली.”

मी उत्साहात सगळंच भूतकाळात ढकलायला निघाले होते, “टाकी गळत होती” वगैरे. काकू म्हणाल्या, “थांब गं. इंग्रजीत तसं करतात. आपल्याकडे ‘टाकी गळत आहे, असे अध्यक्ष म्हणाले’ हेच बरोबर. ‘होती’ लिहिलंस तर लोकांना वाटेल, दुरुस्त झाली!” किती साधं आणि किती नेमकं! सभेत घडलं ते भूतकाळात, बोलणाऱ्याच्या तोंडचं मात्र त्याच्याच काळात.

याहून बारीक गोष्ट पुढे होती. एका ठिकाणी “रंगकाम करण्यात येईल” असं होतं. कोण करणार, कधी, काही पत्ता नाही. सभेला हजर असलेल्यांना विचारल्यावर कळलं, खजिनदारांनी दरपत्रक मागवण्याची तयारी दाखवली होती, रंगकामाचा ठराव झालाच नव्हता. म्हणून “30 जूनपर्यंत तीन दरपत्रके मागवतो, असे खजिनदारांनी सांगितले” एवढंच राहिलं. ‘सांगितले’ आणि ‘ठरले’ यांत पैशांचा फरक असतो!

नावांमध्ये तर धमाल. एकाच मेलमध्ये कुलकर्णी आणि कुळकर्णी. मी झटकन सगळीकडे ‘कुलकर्णी’ करणार, तेवढ्यात काकूंनी हजेरीपट उघडायला लावला. दोन वेगळी माणसं! तळमजल्यावरचे ‘ल’वाले, तिसऱ्या मजल्यावरचे ‘ळ’वाले. आता हजेरीपटावर ज्याने जशी सही केली तसंच नाव, पहिल्या उल्लेखात फ्लॅट नंबरासह, आणि बदल एकेक ठिकाणी डोळ्यांनी बघून.

मेल गेल्यावर कुणी “मी असं बोललोच नाही” म्हणालं, तर जुन्या मेलला हात लावायचा नाही. पुढच्या सभेत ‘मागील इतिवृत्त वाचून कायम करणे’ हा पहिला विषय असतोच, दुरुस्ती तिथे नोंदवायची. तिसऱ्या मजल्यावरच्या कुळकर्ण्यांनी आधीच कळवलंय की ते बोलणार आहेत, आणि मी वही घेऊन तयार आहे!