काचेच्या अलीकडे

मुंबई विमानतळाच्या दोन नंबर टर्मिनलवर निरोपाला फारशी जागाच ठेवलेली नाही. वरच्या मजल्यावर गाडी थांबते न थांबते तोच शिट्टी वाजते, मागचा हॉर्न देतो. दारातला जवान तिकीट आणि पासपोर्ट बघतो. तिकीट नसलेला बाहेर. युरोपची बरीच विमानं मध्यरात्रीनंतर सुटतात, म्हणून सप्टेंबरात तिथल्या फुटपाथवर ऐन रात्री जत्रा भरते. सांगली, नाशिक, पुण्याहून आलेली अख्खी कुटुंबं, दह्याची वाटी सांभाळत आलेली एखादी आजी. मुलगा आत गेला की सगळे काचेला नाक लावून उभे. तो आतून फोन करतो, "निघा आता तुम्ही." कुणी निघत नाही.

आमचा मुलगा एम. एस.साठी जर्मनीला निघाला, तेव्हा त्याला कविता लिहून द्यायचं मी ठरवलं. पंख, घरटं, आकाश हे शब्द आधीच बाद केले. पाखरांना कुठं व्हिसा लागतो? याच्यासाठी वर्षाचे ११,९०४ युरो तिकडच्या बंद खात्यात भरावे लागले. त्यातले महिन्याला ९९२ त्याच्या हातात पडणार. एवढं कर्ज डोक्यावर असताना कवितेत आकाश आणायचं म्हणजे जरा अतीच.

त्यातून घरभर सामान पसरलेलं. बॅग काट्यावर चढायची, तेवीस किलोच्या वर गेली की मेतकूट बाहेर, पुन्हा मेतकूट आत आणि जीन्स बाहेर. सुकं खोबरं २०२२पासून चेक-इनच्या सामानात चालत नाही. त्यातल्या तेलामुळे ते आपोआप तापून पेटू शकतं म्हणे. ज्या खोबऱ्यावर आमच्या घरातली निम्मी वाटणं उभी आहेत, ते स्फोटकांच्या रांगेत! चटणी मग शेंगदाण्याची केली. तुपाचंही तसंच. बाहेरून दूधदुभतं न्यायला युरोपात बंदी आहे. हिनं नियम दोनदा वाचून घेतला आणि कढवलेल्या तुपाची बरणी काही न बोलता फडताळात ठेवली.

त्या पसाऱ्यात बसून लिहिलं ते असं:

तिथली शेगडी विजेची,
बंद केली तरी तापलेलीच राहते;
कुकर एक शिट्टी आधी उतरव.
आम्ही जेवायला बसू
तेव्हा तुझं ऊन उतरलेलं नसेल.
रोज फोन नको.
आजारी पडलास तर मात्र लपवू नकोस.
आईला आवाजावरून कळतं,
मला कळत नाही;
म्हणून मला सांग.

हिनं चष्मा लावून वाचलं. "ही कविता आहे की सूचनापत्रक?" मी म्हटलं, जे आहे ते आहे. कागद तिच्याच हातात होता. थोड्या वेळानं तिनं पेन मागितलं आणि खाली उरलेल्या जागेत लिहिलं, "ओले मोजे घालू नकोस."