जमा आणि खर्च सारखेच, मग तूट कुठली?

संपादकांची अट अशी की दहावीच्या मुलांना समजेल असं लिहायचं आणि आकडे कमी वापरायचे. आकड्यांशिवाय तूट सांगायला गेलं की नुसतं प्रवचन होतं, त्यामुळे मोजके आकडे येणारच. शिवाय या लेखाचा विषय मला एका विद्यार्थिनीने दिला आहे. केंद्राच्या 2025-26 च्या अर्थसंकल्पाचा गोषवारा वर्गात वाटला होता. तिने दोन ओळींवर बोट ठेवून विचारलं, "सर, एकूण जमा 50.65 लाख कोटी आणि एकूण खर्चही 50.65 लाख कोटी. मग तूट कुठे आहे?"

वर्षानुवर्षे अर्थसंकल्पावर बोलणाऱ्या मोठ्या माणसांना हा प्रश्न पडलेला मी पाहिलेला नाही. उत्तर 'जमा' या शब्दाखाली दडलेलं आहे, कारण त्या जमेत उसने आणलेले पैसेही धरलेले असतात. कर, लाभांश, शुल्क अशी खरी मिळकत म्हणजे महसुली जमा, ती 34.20 लाख कोटी. दिलेल्या कर्जांची वसुली आणि सरकारी कंपन्यांमधले हिस्से विकून येणारे पैसे मिळून आणखी 76 हजार कोटी. हे पैसे कुणाला परत करायचे नसतात. खर्चातून या दोन्ही रकमा वजा केल्या की 15.69 लाख कोटी उरतात. ही राजकोषीय तूट, म्हणजे सरकारने त्या वर्षी घ्यायचं ठरवलेलं नवं कर्ज. जमेची बाजू खर्चाइतकी दिसते ती या कर्जामुळेच.

मुलगी तेवढ्यावर थांबली नाही. 'रुपया असा येतो' या चित्रात कर्जाचा वाटा 24 पैसे आहे. तिने भागाकार केला तर 31 आले. तिचं बरोबर होतं आणि चित्रही बरोबर होतं. केंद्र जे कर गोळा करतं त्यातला सुमारे 14.22 लाख कोटींचा वाटा राज्यांचा असतो. चित्रात तो धरला आहे, 50.65 लाख कोटींत धरलेला नाही. छेद मोठा झाला की कर्ज लहान दिसतं. वर्तमानपत्रं दरवर्षी तेच चित्र छापतात, आणि खाली ही एक ओळ द्यायला त्यांना जागा नसते!

आता महसुली तूट. ती राजकोषीय तुटीत मिळवायची नसते, तिच्या पोटातच असते. पगार, पेन्शन, व्याज, अनुदानं असा चालू खर्च 39.44 लाख कोटी, त्यातून 34.20 वजा केले की 5.24 लाख कोटी. म्हणजे नव्या कर्जापैकी साधारण एक तृतीयांश रस्ते-रेल्वेकडे न जाता चालू खर्चात जिरतं.

इथे माझा जुना वाद आहे, तो टाळता येत नाही. 2012 साली वित्तीय उत्तरदायित्वाच्या कायद्यात 'प्रभावी महसुली तूट' नावाची कल्पना आणली गेली. केंद्र राज्यांना किंवा इतर संस्थांना घरं, रस्ते बांधायला जे अनुदान देतं तो हिशेबात महसुली खर्च. पण त्यातून मालमत्ता उभी राहते, म्हणून ती रक्कम वजा करायची. 2025-26 च्या अर्थसंकल्पात ती 4.27 लाख कोटी होती, वजा केल्यावर 5.24 लाख कोटींची तूट 97 हजार कोटींवर येते. युक्तिवाद अगदीच पोकळ नाही, घर तर बांधलं जातंच. पण ते केंद्राच्या मालकीचं नसतं आणि कर्ज मात्र केंद्राच्या नावावर राहतं. 2018 मध्ये ही कल्पना कायद्यातून काढली, तरी गोषवाऱ्यातली तिची ओळ शाबूत आहे. माझे काही सहकारी मला यावरून हट्टी म्हणतात, म्हणोत.

सर्वांत चिवट गैरसमज कर्जाबद्दलचा. "तूट घटली, म्हणजे कर्ज घटलं," हे वाक्य टीव्हीवर ऐकून मी थकलो आहे. तूट ही एका वर्षाची भर आणि सार्वजनिक कर्ज म्हणजे आजवरची न फिटलेली सगळी साठवण. भर कमी झाली तरी साठा वाढतोच. 2024-25 च्या सुधारित अंदाजात तूट 15.70 लाख कोटी होती, 2025-26 साठी 15.69. रुपयांत जवळपास तेवढीच, पण जीडीपीच्या प्रमाणात 4.8 टक्क्यांवरून 4.4 वर आली, कारण जीडीपी सुमारे 10 टक्क्यांनी वाढेल असं गृहीत धरलं होतं.

कर्जाचं प्रमाणही तसंच उतरतं. कर्ज जीडीपीच्या 57 टक्के होतं असं धरा. जीडीपी 10 टक्के वाढला की तेच कर्ज 52 टक्क्यांच्या आसपास दिसतं; त्यात 4.4 ची नवी भर पडली की 56 च्या थोडं वर. कर्ज वाढलं आणि प्रमाण घटलं, दोन्ही एकाच वेळी खरं. हे गणित वाढीच्या भरवशावर उभं आहे. 2020-21 मध्ये जीडीपीच आकसला, तूट 9 टक्क्यांच्या वर गेली आणि कर्जाचं प्रमाण एका वर्षात 60 टक्क्यांच्या पुढे पोहोचलं.