निळ्या पोर्टशेजारचा डोंगल

लग्नसराई संपता संपता आर्वीतल्या एका ओळखीच्या फोटो स्टुडिओत बसलो होतो. मालक एका लग्नाचं चित्रीकरण बाहेरच्या हार्ड डिस्कवरून कॉम्प्युटरवर घेत होते आणि तेवढ्यात अल्बमची पानंही लावत होते. "भाऊ, हा माउस पाहा, पुन्हा अटकून राह्यला," ते म्हणाले. सेल नवे होते. आधीचा माउसही असाच करायचा म्हणून हा दुसरा घेतलेला. मी विचारलं, दिवसभर अडकतो का? नाही, सकाळी गिऱ्हाइकांचे पासपोर्ट फोटो करताना मख्खन चालतो. कॉपी लागली की झटके सुरू.

निदानाचं निम्मं काम या उत्तरातच झालं. माउस कधी अडकतो, हे तो किती अडकतो यापेक्षा जास्त सांगतं.

*

सीपीयूच्या मागे वाकून पाहिलं. निळ्या प्लास्टिकची दोन पोर्ट एकाला एक लागून. एकात हार्ड डिस्कची केबल, दुसऱ्यात माउसचा नखाएवढा डोंगल. दोघांत बोटभरही अंतर नाही. सीपीयू टेबलाखाली, टेबल लोखंडी, माउस टेबलावर.

*

साधा वायरलेस माउस सेकंदाला साधारण १२५ वेळा डोंगलला निरोप पाठवतो, म्हणजे दर ८ मिलिसेकंदांनी एक. निरोपात "मी इथे आहे" असं नसतं. "मागच्या वेळेपासून इतका डावीकडे, इतका वर सरकलो" एवढंच असतं. निरोप पोचला की डोंगल पोच देतो. पोच आली नाही तर माउस तोच निरोप पुन्हा पाठवतो, बरेचदा थोडी फ्रिक्वेन्सी बदलून. तोवर हात पुढे सरकलेला असतो, ती सरकही साठत जाते. मग एखादा निरोप पोचतो आणि साठलेलं सगळं एकदम पडद्यावर येतं. पॉइंटर थबकतो आणि उडी मारतो, तो यामुळे. काही निरोप कायमचे हरवले तर पॉइंटर हाताच्या मागेच राहतो आणि माउस उचलून पुन्हा ओढावा लागतो.

थबकून उडी मारणं ही रेडिओची खूण. पॉइंटर जागच्या जागी थरथरत असेल किंवा काचेवर अजिबात हलत नसेल, तर दोष पोटातल्या प्रकाशाच्या सेन्सरचा किंवा खालच्या पृष्ठभागाचा. तिथे डोंगल हलवून काही होणार नाही, खाली कागद किंवा पॅड घाला.

*

आता मूळ कारण. हे माउस २४०० ते २४८३.५ मेगाहर्ट्‌झ या पट्ट्यात बोलतात. भारतात कमी शक्तीच्या उपकरणांसाठी हा पट्टा २००५ साली परवानामुक्त झाला. त्यात वाय-फाय आहे, ब्लूटूथ आहे, मायक्रोवेव्ह ओव्हनही आहे. पण स्टुडिओतला गोंगाट यांपैकी कोणाचाच नव्हता.

तो निळ्या, म्हणजे यूएसबी ३.० पोर्टमधल्या डिस्कचा होता. यूएसबी ३.० च्या तारेतून सेकंदाला ५ अब्ज बिट धावतात. इतक्या वेगाने विजेचा दाब वर-खाली झाला की तार आणि तिचं टोक थोडीफार रेडिओ ऊर्जा बाहेर टाकतात. ही ऊर्जा एका ठरावीक फ्रिक्वेन्सीवर नसते, खालपासून वरपर्यंत पसरलेली असते आणि माउसचा सगळा पट्टा तिच्या आत येतो. म्हणून माउसने फ्रिक्वेन्सी बदलूनही सुटका होत नाही. चाळणी लावून हा गोंगाट वेगळा काढता येत नाही, कारण तो माउसच्याच पट्ट्यात बसलेला असतो.

इंटेलने २०१२ साली हे मोजून प्रसिद्ध केलं. यूएसबी ३.० हार्ड डिस्क जोडल्यावर या पट्ट्यातला गोंगाट जवळपास २० डेसिबलने वाढलेला दिसला, म्हणजे सुमारे शंभरपट. गळती होते ती डिस्कच्या खोक्यातून, केबलमधून आणि पोर्टच्या तोंडातून. केबलवरचं धातूचं आवरण जितकं सुमार, तितकी गळती जास्त. वरातीतल्या डीजेच्या पेटीला कान लावून उभं राहावं आणि रस्त्यापलीकडच्या माणसाचं बोलणं ऐकू पाहावं, तशी त्या डोंगलची गत.

*

संशय नुसता धरून भागत नाही, तपासावा लागतो. आम्ही या क्रमाने गेलो.

कॉपी चालू असताना तारेचा माउस लावला. तो सुरळीत चालला. म्हणजे कॉम्प्युटर कामाने दमलेला नव्हता. तारेचाही अडकला असता तर रेडिओचा विषय तिथेच संपला असता.

मग वायरलेस माउस खाली नेऊन डोंगलपासून वीतभर अंतरावर सीपीयूच्याच टपावर फिरवला. झटके गेले. सेन्सर ठीक, सेल ठीक.

शेवटी हार्ड डिस्क निळ्यातून काढून (आधी कॉपी थांबवून, डिस्क रीतसर इजेक्ट करून) काळ्या यूएसबी २.० पोर्टमध्ये लावली आणि कॉपी पुन्हा सुरू केली. डोंगल होता तिथेच ठेवला. टेबलावरून माउस नीट चालला. गुन्हेगार सापडला.

*

डिस्क कायमची काळ्या पोर्टमध्ये ठेवणं हा मात्र उपाय नव्हे. तिथे सेकंदाला ३५ एमबीच्या आसपास वेग मिळतो. १०० जीबीचं लग्न उतरायला पाऊण तासाच्या वर जाईल. निळ्यात सेकंदाला ११० एमबी धरले तर तेच पंधरा मिनिटांत. हलवायचा तो डोंगल.

*

अंतराचा हिशेब. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की पोचणारी शक्ती चौथाई होते. डोंगल मागून काढून मीटरभर यूएसबी २.० एक्स्टेन्शन केबलने टेबलावर, मॉनिटरच्या पायाशी आणला. माउसपासूनचं अंतर सुमारे सव्वा मीटरवरून तीसेक सेंटिमीटरवर आलं. म्हणजे चौथाई अंतर, कागदावर सोळापट शक्ती. शिवाय मधला सीपीयूचा पत्रा आणि लोखंडी टेबल दोन्ही वाटेतून गेले, त्यांचा फायदा या हिशेबात धरलेलाच नाही. दुसऱ्या बाजूने डिस्कचं टोक बोटभरावरून हातभर लांब गेलं, म्हणून गोंगाटही उतरला. एका केबलने दोन्हीकडून काम केलं.

केबल हार्ड डिस्कच्या केबलला बांधून नेऊ नये. डोंगल डिस्कच्या खोक्यावरही ठेवू नये, नाहीतर पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

*

लॅपटॉपवर हाच उपाय आणखी सोपा. डिस्क डाव्या बाजूला, डोंगल उजव्या. दोन्ही एकाच यूएसबी हबमध्ये कधीही नको.

*

वाय-फाय राउटर सीपीयूवरच ठेवलेला असेल तर तोही त्रास देतो, कारण त्याची ताकद माउसच्या कितीतरी पट असते. राउटर चारपाच फूट लांब न्यावा आणि कॉम्प्युटरचं वाय-फाय ५ गिगाहर्ट्‌झवर टाकावं. माउसचा पट्टा तेवढा मोकळा होतो.

*

एक दुखणं वेगळं ओळखावं. बराच वेळ हात न लावल्यावर फक्त पहिली हालचाल उशिरा उमटते आणि पुढे सगळं ठीक चालतं, तेव्हा माउस सेल वाचवायला झोपलेला असतो. त्याला एक्स्टेन्शन केबल लागत नाही.

*

स्टुडिओ, झेरॉक्सची दुकानं, सेतू केंद्रं, जिथे डोंगलशेजारी डिस्क, पेनड्राइव्ह लागत-निघत असतात, त्या सगळ्यांना सांगणं इतकंच: माउस बदलण्याआधी सीपीयूच्या मागे एकदा वाकून पाहा. डोंगल निळ्या पोर्टच्या शेजारी असेल तर आधी मीटरभर एक्स्टेन्शन केबल आणा.