आक्षेप आधी नीट मांडा, मग खोडा

दरेकसा येथे तरुणांकडून तत्त्वज्ञानाचा निबंध लिहून घेताना आम्हाला पहिल्या कागदावर हमखास एक वाक्य भेटते : ‘जातिव्यवस्था वाईट आहे.’ वाक्य खरे आहे, पण तो सिद्धांत नव्हे. समोरचा शहाणा माणूस कोणत्या मुद्द्यावर ‘नाही’ म्हणेल, हे त्यातून कळत नाही. जिथे नकाराला जागा नाही, तिथे आक्षेप आणि उत्तर लिहायचे तरी कशाचे?

बाबासाहेबांनी १९३६ साली लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी लिहिलेले, पण होऊ न शकलेले भाषण घ्या. त्यातला एक सिद्धांत आमच्या शब्दांत असा : जात ही केवळ श्रमाची विभागणी नाही, ती श्रमिकांची विभागणी आहे, म्हणून कामाच्या सोयीचे कारण देऊन तिचे समर्थन करता येत नाही. हे नाकारता येते. म्हणूनच ते सिद्ध करावे लागते.

आता आक्षेप. तो विरोधकाला ‘हेच मला म्हणायचे होते’ असे वाटावे इतका नेटका लिहा. पहिले विधान : प्रत्येक सुधारलेल्या समाजाला श्रमविभागणी लागते. दुसरे विधान : जात म्हणजे श्रमविभागणीच. निष्कर्ष : म्हणून जातीत गैर काही नाही. इथे ‘मनुवादी म्हणतात’ असा शेरा मारला की आक्षेप दुबळा होतो आणि आपले उत्तरही फुकट जाते. बाबासाहेबांनी तर १९३७ च्या दुसऱ्या आवृत्तीत गांधीजींची टीका छापली आणि तिच्यासोबत आपले उत्तर दिले.

उत्तर लिहिताना आपण नेमके कोणते विधान नाकारतो ते सांगा. बाबासाहेब पहिले विधान मान्य करतात आणि दुसरे नाकारतात. श्रमविभागणीत माणूस कुवतीनुसार काम निवडतो आणि बदलतो. जातीत काम जन्माने ठरते, आणि काम करणाऱ्यांची उच्चनीच उतरंड लागते. दुसरे विधान पडले की निष्कर्षाचा आधार गेला.

इथे थांबू नका. विरोधक म्हणेल, ‘आज चांभाराचा मुलगा इंजिनिअर होतो, मग ही विभागणी राहिली कुठे?’ हा आक्षेप खरा जड आहे. उत्तर असे : धंदा सुटला तरी लग्न जातीतच ठरत असेल, तर जात धंद्यावर उभी नव्हती, हेच सिद्ध होते. आक्षेपातली वस्तुस्थिती मान्य करूनही सिद्धांत टिकला. मात्र एवढ्याने जात कशावर उभी आहे हे सिद्ध होत नाही. तो दावा करायचा असेल तर निबंध वेगळा लिहावा लागेल.

लिहून झाल्यावर एक कसोटी लावा. आक्षेपाचा परिच्छेद झाकून फक्त उत्तर वाचा. ते आक्षेपाशिवायही जसेच्या तसे चालत असेल, तर ते उत्तर नाही, सिद्धांताचीच पुनरुक्ती आहे.